एका दिवाळीने फसवलेली रेषा

विपणन संशोधनाच्या प्रकल्पासाठी मी एका मिठाईच्या दुकानाचा सात महिन्यांचा जाहिरात खर्च आणि विक्री घेऊन साधे रिग्रेशन केले, म्हणजे खर्चावरून विक्रीचा अंदाज देणारी सरळ रेषा बसवली. एक्सेलमधील `=RSQ(C2:C8,B2:B8)` या सूत्राने, जे रेषा आकड्यांना किती जुळते हे ० ते १ मध्ये सांगते, ०.८९ दाखवले आणि रेषेच्या उतारानुसार जाहिरातीच्या प्रत्येक हजार रुपयांमागे विक्री सुमारे १९ हजारांनी वाढत होती. मी खूश झालो, पण आलेख मात्र काढला नव्हता.

तो काढल्यावर दिसले की सहा महिने खर्च १० ते २० हजार आणि विक्री ४ ते ६ लाख होती, तर दिवाळीचा एकटा महिना ५० हजार आणि १२ लाखांवर, दूर कोपऱ्यात उभा होता. तो वगळून पुन्हा गणित केले, तेव्हा RSQ ०.०६ वर आला, उतार ५,७०० रुपयांवर घसरला आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता, जवळपास ११,६०० रुपये, उताराच्या दुप्पट निघाली. दिवाळीत मिठाई जाहिरातीविनाही खपते आणि मालक खर्चही तेव्हाच वाढवतात. रेषेने सणाचे श्रेय जाहिरातीला दिले होते.

अर्थात, यावरून जाहिरात निरुपयोगी ठरत नाही, कारण सहा बिंदूंत खरा परिणामही लपू शकतो. म्हणून अहवालात मी दोन्ही रेषा दिल्या आणि दुकानदाराकडून मागील तीन वर्षांचे मासिक आकडे मागवले. एकाच दिवाळीतून सण आणि जाहिरात यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत.