काचेवर लेझर मारून माप घेताय? या चुका टाळा

खारघरला एका किचनचं काम होतं, ओव्हरहेड कॅबिनेट बसवायचं होतं आणि डाव्या भिंतीला वरपर्यंत ५ एमएमची लॅकर ग्लास आधीच लागलेली, उजवी भिंत साधी पेंटची. मी लेझर मीटर पेंटच्या भिंतीला पाठ टेकवून धरला, समोर काचेवर मारला, २.४२० आलं. परत मारला २.४१९, तिसऱ्यांदा पुन्हा २.४२०. आता तीनदा मारून माप जागचं हललं नाही म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच कुठे, मी ३ एमएम क्लिअरन्स सोडून कारखान्यात २.४१७ लिहून दिलं.

बॉक्स आले, मिस्त्रीने दोन लावले, तिसरा आत जाईना. टेप काढून बघितलं तर गाळा २.४१२ चा. मिस्त्री म्हणाला, "दादा, अडीच सूत खाल्लं ना तुमच्या मशीनने." खाल्लं नव्हतं खरं तर, वाढवलं होतं, पण त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एक बॉक्स उघडून परत कापावा लागला आणि मजुरी अर्थातच माझ्या खिशातून गेली.

मशीन बिघडलेलं नव्हतं बरं का. ८ एमएमचा फरक नेमका का आला हे कळायचं तर आधी हे यंत्र माप घेतं कसं ते बघायला लागेल, थोडंसंच सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं की लेझर जातो, परत येतो, आणि मशीन स्टॉपवॉचसारखा वेळ मोजतं. कल्पना बरोबर आहे पण प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे १ एमएमचा फरक पकडायचा म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचे फक्त सात भाग मोजायचे, हातात मावणाऱ्या मशीनला ते सरळ मोजणं अवघड जातं. म्हणून आपल्याकडे साइटवर असतात त्यातले बरेचसे मीटर दुसरी युक्ती वापरतात. लाल लेझरचा उजेड सेकंदाला कोट्यवधी वेळा कमीजास्त करतात, म्हणजे उजेडाला एक ठेका देतात. लांबच्या देवळात भजन चालू असेल तर टाळ वाजताना दिसतो आणि आवाज किंचित मागाहून येतो ना, तसंच, पाठवलेला ठेका आणि परत आलेला ठेका यात किती मागेपुढे झालं ते मशीन बघतं. ठेका सेकंदाला दहा कोटी वेळा असेल तर दर दीड मीटरला तो पुन्हा तसाच जुळतो, म्हणून मशीन वेगवेगळे ठेके लावून नेमकं अंतर कोणतं ते ठरवतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की मशीनला भिंत दिसत नाही. त्याला फक्त परत आलेला उजेड आणि त्याचा ठेका कळतो. तो उजेड कुठून फिरून आला, हवेतून आला का काचेतून, एका ठिकाणाहून आला का दोन, याचा त्याला पत्ता नसतो. डब्यावर ±२ एमएम लिहिलेलं असतं तेसुद्धा पांढऱ्या रंगवलेल्या भिंतीसारखं चांगलं टार्गेट आणि कमी उजेड धरून लिहिलेलं असतं, खाली बारीक अक्षरात असतं ते, आपण वाचत नाही.

आता ती लॅकर ग्लास. तिला रंग मागच्या बाजूला असतो. लेझर काचेवर पडला की पुढच्या पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के उजेड उलटतो, तोही आरशासारखा एकाच दिशेला, म्हणजे मशीन अगदी काटकोनात नसेल तर तो मशीनकडे येतच नाही. बाकीचा आत शिरतो, मागच्या रंगावर आपटून सगळीकडे पसरतो आणि त्यातला थोडा मशीनला मिळतो. म्हणजे माप रंगाचं झालं, काचेचं नाही. तरी मग ५ एमएम जास्त यायला हवं, ८ का? कारण काचेत प्रकाश हळू चालतो, हवेच्या साधारण दीडपट वेळ घेतो. मशीनला वाटतं सगळा रस्ता हवेचाच आहे, म्हणून ५ एमएमची काच त्याला साडेसात एमएमच्या वर मोजली जाते. माझा ८ चा हिशोब तिथे लागला. आरशाचंही हेच, चांदी मागे असते.

शॉवरच्या पार्टिशनमधून पलीकडच्या टाइलवर लेझर मारून माप घेणारे पण बघितलेत मी. काच १० एमएमची असेल तर पलीकडचं माप ५ एमएम जास्त येणार, कारण १० एमएम काच मशीनला १५ वाटते. टाइल दिसतेय, लाल ठिपका टाइलवर छान दिसतोय, स्क्रीनवर आकडा स्थिर आहे, आणि तरी चूक. काचेतून माप घेऊ नका, सरकवा ती काच बाजूला.

स्लायडिंग विंडोच्या काचेचा घोळ त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे लेझर आरपार जाऊन बाल्कनीच्या कट्ट्यावर पोचतो आणि साडेपाच मीटरच्या हॉलला सात मीटर आलं की कुणालाही कळतं. खरी फजिती होते ठिपका अर्धा काचेच्या फ्रेमवर आणि अर्धा पलीकडे पडला की. मग दोन ठिकाणचे दोन ठेके एकमेकांत मिसळतात आणि आकडा येतो तो दोन्हींपैकी कुठलाच नसतो, मधलाच काहीतरी असतो, आणि तो खरा वाटण्याइतका जवळचा असू शकतो. ठिपका दिसतो तेवढा लहान नसतो हे धरून चाला, लांब गेला की पसरतो, म्हणून कडेपासून दोनतीन बोटं आत मारावा.

काळ्या पृष्ठभागाचं काय, तर त्यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. मॅट काळा, म्हणजे काळा लॅमिनेट, काळा टेक्श्चर पेंट, पॉलिश न केलेला कडप्पा. तो उजेड गिळतो, पांढरी भिंत आलेल्यापैकी बराचसा उजेड परत देते तिथे हा थोडाच देतो. मशीन मग जास्त वेळ थांबून थोडाथोडा उजेड जमवत बसतं, म्हणूनच काळ्यावर बटण दाबल्यावर आकडा यायला उशीर होतो, आणि फारच कमी पडलं तर एरर देतं. त्रास आहे पण दगा नाही. जवळच्या अंतरावर तर बहुतेक वेळा माप ठीकच येतं.

पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट मात्र वेगळा. तो काळा आहे म्हणून ठिपका नीट दिसत नाही आणि गुळगुळीत आहे म्हणून आरसाही आहे. लेझर तिरका पडला की बराचसा उजेड उलटून समोरच्या कपाटावर नाहीतर छतावर जातो, तिथून आपटून त्याच वाटेने परत मशीनकडे येतो, आणि मशीन सरळ ग्रॅनाइटपर्यंत अधिक ग्रॅनाइटपासून कपाटापर्यंत असं मिळून माप सांगतं. ओळखायचं कसं? लाइट थोडा कमी करा आणि आजूबाजूला बघा, दुसरा लाल ठिपका कुठेतरी पडलेला दिसतो. जिथे मारलाय तिथे ठिपका फिका आणि भलतीकडे ठळक, असं असेल तर तो आकडा लिहूच नका.

उन्हाचं प्रकरण आणखी निराळं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या फ्लॅटला दुपारी तीननंतर अर्ध्या हॉलमध्ये ऊन येतं, तिथे मीटर धरला की नुसता विचार करत बसतो. भर दुपारचं ऊन दर चौरस मिलीमीटरवर साधारण १ मिलिवॉट ताकदीने पडतं आणि तुमच्या मशीनचा अख्खा लेझरच १ मिलिवॉटपेक्षा कमी. ६ एमएमच्या ठिपक्यावर म्हणजे जवळजवळ ३० पट ऊन बसलेलं असतं. मशीनमध्ये लाल रंगाची बारीक पट्टीच आत सोडणारा फिल्टर असतो, शिवाय उन्हाला ठेका नसतो, त्यामुळे बराचसा भाग गाळला जातो. पण उरलेला उजेड कालवा करतो, त्या गोंगाटात आपला ठेका ऐकू येईनासा होतो.

म्हणून उन्हातली चूक एकाच बाजूची नसते. पाच वेळा मारलं तर आकडे दोनचार एमएम इकडेतिकडे उड्या मारतात, नाहीतर एरर. काचेवर बरोबर उलटं, पाचही वेळा तोच आकडा आणि पाचही वेळा चुकलेला. मी हे सगळं लिहायला बसलो ते यासाठीच, कारण आपली सवय अशी की तीनदा मारून तेच आलं की खात्री झाली. ती खात्री फक्त उन्हाची आणि अशक्त सिग्नलची आहे, काचेची नाही.

उन्हावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उलट्या बाजूने मारा. मशीन खिडकीकडच्या भिंतीला लावा आणि सावलीतल्या भिंतीवर ठिपका पाडा, अंतर तेच आहे, आणि आता मशीनचा डोळा सावलीकडे बघतोय. जमत नसेल तर कुणालातरी टार्गेटवर सावली धरायला सांगा. आणि तो लाल चष्मा मिळतो ना, त्याने तुम्हाला ठिपका बरा दिसतो, मशीनला काही फायदा नाही. डोळ्यांचं संरक्षणही तो करत नाही, तो घालून लेझरकडे बघू नका.

बाकी सगळ्यासाठी माझ्या खिशात आता ए-फोरचा पांढरा कागद दुमडून ठेवलेला असतो. काच, आरसा, ग्रॅनाइट, काळं लॅमिनेट, काहीही असो, कागद मास्किंग टेपने सपाट चिकटवायचा, फुगा राहू द्यायचा नाही आणि त्यावर मारायचं. दुमडलेल्या कागदाची जाडी अर्धा एमएमसुद्धा होत नाही. थर्माकोलचा तुकडा लावू नका, उजेड त्याच्या आत घुसून मग परतीला लागतो आणि माप वाढतं. गाडीमागचा चमकणारा रिफ्लेक्टर टेपही नको, त्यावर उजेड इतका परत येतो की जवळून मशीन गोंधळू शकतं.

खारघरच्या त्याच भिंतीवर नंतर मी कागद लावून मारलं होतं, २.४१२ आलं, टेपशी जुळलं. कागद काढला, २.४२०. हीच टेस्ट तुम्ही पण करा, कागदासकट आणि कागदाशिवाय, फरक दोनतीन एमएमच्या वर गेला तर तो पृष्ठभाग लेझरला भुलवतोय. पण आधी मशीन पुढच्या कडेपासून मोजतंय का मागच्या हे स्क्रीनवर बघून घ्या, ते चुकलं तर अख्ख्या मशीनच्या लांबीएवढा फरक पडतो आणि तुम्ही उगाच काचेला शिव्या घालत बसाल.