फ्लॅट बघण्याआधीच पैसे मागितले तर

जाहिरातीतला फ्लॅट प्रशस्त, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी. फोन केला की मालक म्हणतो, "मी नोकरीनिमित्त बाहेरगावी आहे. बघायला बरेच जण येतात, म्हणून आधी थोडी रक्कम पाठवा, गेट पास निघेल. फ्लॅट आवडला नाही तर पूर्ण परत." सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. त्यावर भुलू नका, तो बहुधा आधी फसलेल्या दुसऱ्याच कुणाचा असतो.

पहिली रक्कम मुद्दाम छोटी ठेवलेली असते. ती दिली की कारणं वाढत जातात: पास अडकला, नोंदणीचे पैसे भरा, सगळं एकदम परत करतो. आधीचे पैसे सुटावेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो, आणि खरी लूट इथेच होते.

पारखायचं कसं? "माझा मित्र तिथे जवळच राहतो, तो आज संध्याकाळी येऊन बघेल, पैसे तिथेच देईल," असं सांगा. खरा मालक किल्ली कुणाकडे आहे ते सांगेल, फार तर वेळ बदलून देईल. भामटा मात्र पुन्हा पैशांवरच येईल. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्येही टाकून पाहा. तोच हॉल दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत दिसला तर विषय संपला. फोटो कुठेच सापडले नाहीत, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका; ते एखाद्या व्हिडिओतून कापलेले असू शकतात.

पैसे गेले असतील तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, आधी बँकेला फोन करा.