मंडईतली वही: डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्यात आलेलं

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत, म्हणजे १८८६ च्या दगडी इमारतीत आणि तिच्या भोवतीच्या रस्त्यांवर, किरकोळ भाजीचा भाव कसा ठरतो हे मी अभ्यासत होतो. बाजारात उभं राहून बघायचं आणि टिपायचं, असल्या कामाला नव्याने उतरणाऱ्यांच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: विक्रेतीने नेहमीच्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला कोथिंबीर फुकट दिली.

यात प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट एकच, कोथिंबीर दिली. गिऱ्हाईक 'नेहमीचं' कशावरून? 'खूश ठेवायला' हे कोणी सांगितलं? आणि 'फुकट' म्हणजे वेगळे पैसे मागितले नाहीत, एवढंच ना? प्रबंध लिहायला बसल्यावर हे वाक्य तुमचं स्वतःचंच मत तुम्हाला पुरावा म्हणून परत देतं.

तोच प्रसंग वर्णनाच्या नोंदीत, म्हणजे फक्त पाहिलेलं-ऐकलेलं लिहिलं तर, असा येतो:

"सायं. ७.१०. पालेभाजीवाली (खूण: पा-३), जमिनीवर गोणपाट. पन्नाशीच्या बाई थांबतात, मेथीची जुडी उलटून देठं बघतात. 'कितीला?' 'वीस.' (मोठ्याने.) 'पंधराला दे.' पा-३ उत्तर देत नाही. जुडी पिशवीत टाकते, वर कोथिंबिरीच्या चार-पाच काड्या टाकते, न बोलता. बाई विसाची नोट देतात. शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी."

विश्लेषणाची नोंद, म्हणजे त्यावरून आपल्या डोक्यात आलेलं, याच्या पोटात घुसडायची नाही. मी डाव्या पानावर वर्णन आणि उजव्या पानावर विश्लेषण लिहायचो. संगणकावर लिहिणाऱ्यांनी वेगळा रंग किंवा चौकटी कंस वापरावेत. उजवीकडे त्या दिवशी हे होतं: "सवलत भावात नाही, मालात दिली. भाव चारचौघांना ऐकू जातो, काड्या फक्त घेणारीला दिसतात, म्हणून? आसपास कोणी नसताना ती भाव उतरवते का, हे बघायचं." विश्लेषणाची नोंद अशी पुढे काय बघायचं ते सांगणारी असावी. 'बाजारातलं नातं गुंतागुंतीचं असतं' छापाचं वाक्य लिहून काही हाती लागत नाही.

'मोठ्याने', 'न बोलता' आणि 'शेजारी दोन गिऱ्हाइकं' हे तपशील टिपले नसते, तर ही शंका सुचलीच नसती. म्हणून विशेषणांपेक्षा आवाज, हात, अंतर, कोण कुठे उभं आहे, याकडे लक्ष द्या. 'चिडली' लिहायचा मोह झाला तर तिने नेमकं काय केलं ते लिहा: जुडी आपटली, की तोंड फिरवलं?

पुढे दुपारच्या सुस्त वेळी पाहिलं, तर आसपास कोणी नसतानाही तिने भाव सोडला नाही, काड्याच टाकल्या. माझा अंदाज लंगडा पडला. विचारल्यावर ती म्हणाली, "आज पंधराला दिली की उद्या पंधराच म्हनत्यात." आता हे कुठल्या पानावर? डावीकडे, जसंच्या तसं, अवतरणात. बाजारातल्या माणसाने दिलेलं कारण हीदेखील ऐकलेली गोष्ट आहे. ते तुमचं विश्लेषण नव्हे, आणि शेवटचा निकालही नव्हे. रात्री नऊच्या सुमारास माल सुकायला लागला की तीच "तीसला दोन" असं ओरडायची. म्हणजे एका जुडीचा भाव तोंडाने कायम, आणि उतार जोडीच्या भावात. हे उजव्या पानावर गेलं.

प्रत्यक्ष मंडईत एवढं लिहिता येत नाही. वही-पेन काढून उभं राहिलात तर रस्त्यावरचे विक्रेते तुम्हाला अतिक्रमण हटवणारा महापालिकेचा माणूस समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आधी ओळख देऊन परवानगी घ्याच. तरीही तिथे फक्त खुणेचे शब्द टिपावेत: "मेथी २०, काड्या, गप्प". मोबाइलवर टाइप केलं तर कोणी वळूनही बघत नाही. मग त्याच रात्री, कोणाशी त्यावर गप्पा मारण्याआधी, विस्तार करायचा. गप्पांत गोष्ट रंगते आणि वहीत ती रंगलेलीच उतरते. तासाभराच्या निरीक्षणाला दोन-तीन तास लेखन सहज लागतं, म्हणून मंडईत चार तास काढायचा हट्ट नको. शब्दशः आठवतं तेच अवतरणात, बाकीचा आशय अवतरणाशिवाय. नावांऐवजी पहिल्या दिवसापासून खुणा.

ही दोन पानं पूर्ण वेगळी कधीच होत नाहीत, हेही खरं. मी मेथीवालीकडे बघत होतो तेव्हा पलीकडचा कांदेवाला सुटत होता. काय बघायचं हे ठरवणं हेच अर्धं विश्लेषण. म्हणून वर्णनाच्या सुरुवातीला आपण कुठे उभे होतो आणि तिथून काय दिसत नव्हतं, हे एका ओळीत लिहावं. उजव्या पानावरचा चुकलेला अंदाज खोडू नये. त्याच्याखाली नवी तारीख घालून नवा लिहावा, म्हणजे मत कुठल्या निरीक्षणाने बदललं ते मार्गदर्शकांना दाखवता येतं.