पानाचा रेट सांगायच्या आधी फाईल उघडून बघा
पतसंस्थावाले जुनी वर्ड फाईल पाठवतात नि म्हणतात फक्त १२ पानं आहेत, पण उघडल्यावर "मराठी"च्या जागी ejkBh असं दिसलं की समजायचं, मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला आहे, युनिकोड नाही. कन्व्हर्टरमधून काढला तरी बऱ्याचदा रफार नि पहिली वेलांटी जागा सोडते, सुटी वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसते, त्यामुळे जुनी प्रिंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावीच लागते, व्याजदर आणि फोन नंबर तर दोनदा. या प्रूफचे पैसे वेगळे सांगा. आणि पान म्हणजे २५० शब्द हे आधीच व्हॉट्सॲपवर ठरवून घ्या, बारीक टायपात एका पानावर ५०० शब्द सहज मावतात, म्हणजे त्यांची १२ पानं तुमची २४ होतात.