बँकेने फ्लॅटची किंमत कमी धरली तर कर्जाचे गणित कसे सांभाळावे

पगार पाहून दिलेले मंजुरीपत्र हातात आले की अनेकजण घरमालकाला इसार देऊन मोकळे होतात. पण त्या पत्रात एक अट असते: कर्जाचा अंतिम आकडा फ्लॅटच्या कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीनंतर ठरेल. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतली जी कमी, तिच्यावर कर्ज मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे.

पुण्यातल्या एका जुन्या फ्लॅटचे काल्पनिक उदाहरण घेऊ. करार ८० लाखांचा. मालकाने ६२० चौरस फूट कार्पेट आणि १२,५०० रुपये दर धरून साडेसत्त्याहत्तर लाख काढले, वर किचन ट्रॉली, एसी, कपाटांचे अडीच लाख. व्हॅल्युअरने दर तोच मानला. पण मंजूर नकाशात कार्पेट ५६० निघाले, कारण उरलेले ६० फूट म्हणजे परवानगीशिवाय बंद करून हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी. फर्निचर तर मोजलेच नाही. किंमत झाली ७० लाख.

म्हणजे कर्ज ६४ लाखांऐवजी ५६ लाख, आणि खिशातले १६ लाख झाले २४. मुद्रांक शुल्क मात्र करारातल्या ८० लाखांवर (रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाची रक्कम जास्त असेल तर तिच्यावर). म्हणजे ७ टक्के दराने ५.६० लाख आणि नोंदणीचे ३० हजार, तेही साधारणपणे आपणच भरायचे.

म्हणून आधी मंजूर नकाशा मागा आणि टेप घेऊन आतून मोजा. मग त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीची इंडेक्स २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, पाहा. व्हॅल्युअर दर ठरवताना असेच व्यवहार बघतो, जाहिरातीतले भाव नाही. मोठी रक्कम देण्याआधी बँकेला तांत्रिक तपासणी उरकायला सांगा. फी लागेल, पण तिथे काटकसर करू नये. इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्या: बँकेचे मूल्यांकन ठरल्या रकमेपेक्षा कमी आले तर इसार परत.

आकडा कमी आलाच, तर नेमके काय वगळले ते बँकेत विचारा. क्षेत्रफळाची किंवा मजल्याची चूक असेल तर नकाशा आणि इंडेक्स २ जोडून फेरतपासणी मागता येते. दुसऱ्या बँकेचा व्हॅल्युअर दर थोडा वेगळा धरू शकतो, पण बेकायदा बाल्कनी तिथेही मोजली जाण्याची आशा नको. अशा वेळी अहवालातला मुद्दा सांगून मालकाशीच भाव करा. तूट पर्सनल लोनने भरायचा सल्ला एजंट हमखास देतो; कर्ज ठरवताना त्याचा हप्ताही बँक तुमच्या पगारातून वजा धरते, आणि गृहकर्जाची पात्रता आणखी खाली येऊ शकते.