भाववाढीच्या वर्षात दुकानाचा खरा नफा कसा काढावा

फोंड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचे वर्षअखेरचे आकडे घेऊ. दुकान काल्पनिक आहे आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. सळ्या, पत्रे, सिमेंट, रंग असा माल. लोखंडाचे भाव वर्षभर चढत राहिले. हिशेबात व्याज आणि करापूर्वीचा नफा ६,००,००० रुपये दिसतो आणि मालकाने त्यातून घरखर्चासाठी ४,००,००० उचलले. वरवर पाहता दोन लाख शिल्लक राहिले. तरी पावसाळ्याआधी पत्र्यांचा नेहमीएवढाच माल भरायला पैसे पुरत नाहीत.

याचं कारण असं की हिशेबात खर्च जुन्या भावाने धरला आहे आणि विक्री नव्या भावाने. दुकान आहे तेवढंच चालू ठेवायला आज किती लागतं, ते धरून नफा काढायच्या पद्धतीला चालू खर्च लेखांकन म्हणतात. ब्रिटनमध्ये सँडिलँड्स समितीने १९७५ मध्ये तिची शिफारस केली, पण त्या अहवालात दुरुस्ती होती ती घसारा आणि विकलेल्या मालाच्या खर्चापुरतीच. उधारीत अडकलेल्या पैशाची दुरुस्ती मार्च १९८० च्या एसएसएपी १६ या मानकात आली. ते मानक १९८८ मध्ये मागे घेतलं गेलं. आपल्याकडे अशा दुरुस्त्या कायद्याच्या ताळेबंदात करत नाहीत, त्यासाठी वेगळा कागद करायचा.

पहिली पायरी : घसारा

दुकानाचा टेम्पो ८,००,००० ला घेतला, आयुष्य ८ वर्षं धरलं. दरवर्षी घसारा १,००,०००. यंदाचं वर्ष चौथं. तेवढंच वजन नेणारा टेम्पो वर्षाच्या मध्याला १०,४०,००० ला मिळत होता. म्हणजे यंदाचा घसारा १,३०,००० हवा आणि दुरुस्ती ३०,००० ची झाली.

किंमत काढताना शोरूमचं नवं मॉडेल डोळे झाकून धरू नका. नवी गाडी दीडपट माल नेत असेल तर तिच्या किमतीतला तुमच्या गरजेएवढाच भाग धरा. जिथे थेट भाव मिळत नाही, तिथे केंद्र सरकारच्या घाऊक किंमत निर्देशांकातला त्या यंत्राच्या गटाचा आकडा वापरता येतो.

इथे एक शंका हटकून येते. आधीच्या तीन वर्षांत घसारा कमीच लावला होता, त्याचं काय? टेम्पोची किंमत वर्षाच्या सुरुवातीला १०,००,००० आणि अखेरीला १०,८०,००० असेल, तर सुरुवातीचा साचलेला घसारा ३,७५,००० आणि अखेरचा ५,४०,००० होतो. फरक १,६५,०००. त्यातले १,३०,००० यंदाचे. उरलेले ३५,००० म्हणजे मागची थकबाकी. ती यंदाच्या नफ्यातून वजा करायची नाही, भाववाढीच्या दुरुस्त्या जिथे जमा होतात त्या चालू खर्च राखीव या खात्यातून वळती करायची. यंदाच्या विक्रीचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरी पायरी : विकलेल्या मालाचा खर्च

वर्षाच्या सुरुवातीला माल ८,००,००० चा होता, अखेरीला १२,००,००० चा. ही चार लाखांची वाढ मालाची किती आणि भावाची किती, हे वेगळं करायचं आहे. दुकानातल्या मालाचा भाव-निर्देशांक सुरुवातीला १००, अखेरीला १२० आणि वर्षाची सरासरी ११० धरू.

दोन्ही साठे सरासरी भावावर आणा. १२,००,००० ला १२० ने भागून ११० ने गुणलं की ११,००,०००. ८,००,००० ला १०० ने भागून ११० ने गुणलं की ८,८०,०००. म्हणजे माल खरोखर वाढला तो २,२०,००० चा. चार लाखांतून हे वजा केले की १,८०,००० उरतात, ती निव्वळ भाववाढ. हिशेबात ती नफा म्हणून बसली आहे, तीच आपली दुरुस्ती.

बहुतेकांचं चुकतं ते निर्देशांकाच्या तारखेत. ३१ मार्चला गोदामात असलेला माल ३१ मार्चला घेतलेला नसतो. माल सरासरी दोन महिने पडून राहत असेल तर तो फेब्रुवारी आणि मार्च मिळून घेतलेला, म्हणजे सरासरीने फेब्रुवारीच्या अखेरीच्या भावाचा आहे, म्हणून निर्देशांकही तेव्हाचा घ्यावा. सुरुवातीच्या साठ्यालाही तोच नियम. मार्चमध्ये भाव एकदम उसळला आणि तुम्ही ३१ मार्चचा आकडा लावला, तर दुरुस्ती फुगते.

सरासरीची ही युक्ती भाव सावकाश चढत असेल आणि विक्री वर्षभर पसरलेली असेल तरच नीट चालते. गोव्यातल्या हार्डवेअरची विक्री तशी नसते. एप्रिल-मे मध्ये छपरांची कामं, मग चवथीच्या आधी रंगांची धांदल. त्यात लोखंडाचा भाव एका महिन्यात उडाला तर वार्षिक सरासरी फसवते. अशा वेळी सळ्या-पत्रे आणि रंग वेगळे करून हिशेब महिन्यागणिक करावा. काम वाढतं, पण माझ्या मते लोखंडासाठी तरी ते करायलाच हवं.

तिसरी पायरी : उधारीत अडकलेला पैसा

कंत्राटदार माल नेतात आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी देतात. तेवढ्याच सळ्या तेवढ्याच मुदतीच्या उधारीवर द्यायच्या, तरी भाव चढला की जास्त पैसा बाहेर अडकतो. उलट कंपनीचा वितरक तुम्हाला उधार देतो तेव्हा भाववाढीचा तेवढा भार तो उचलतो. म्हणून गिऱ्हाइकांकडचं येणं वजा माल पुरवणाऱ्यांचं देणं, एवढाच आकडा घ्यायचा.

सुरुवातीला येणं ९,००,००० आणि देणं ४,००,०००, निव्वळ ५,००,०००. अखेरीला ११,००,००० आणि ५,००,०००, निव्वळ ६,००,०००. तेच निर्देशांक लावले तर ६,००,००० चे सरासरी भावाने ५,५०,००० होतात आणि ५,००,००० चेही ५,५०,०००. म्हणजे उधारीचा पसारा वाढलेलाच नाही आणि लाखाची सगळी वाढ भावाची. दुरुस्ती १,००,०००.

यात बँकेतली मुदत ठेव, टेम्पोचं कर्ज किंवा टेम्पो विकणाऱ्याचं देणं धरायचं नाही. गल्ल्यात रोज लागते तेवढी रोकड मात्र धरता येते. निर्देशांकही दुकानातल्या मालाचाच हवा. महागाई भत्त्यासाठी वापरतात तो ग्राहक निर्देशांक इथे उपयोगाचा नाही. त्यात तांदूळ आणि घरभाडं असतं, सळ्या नसतात. देणं येण्यापेक्षा जास्त असेल तर हा आकडा उणे येतो. त्याला घाबरू नका, तेवढी दुसऱ्या पायरीतली दुरुस्ती हलकी होते.

आता बेरीज

६,००,००० मधून ३०,०००, १,८०,००० आणि १,००,००० वजा केले की २,९०,००० उरतात. मालकाने उचलले ४,००,०००, म्हणजे १,१०,००० दुकानाच्या पोटातून गेले. वजा केलेल्या तिन्ही रकमा चालू खर्च राखीव खात्यात जमा दाखवायच्या.

सूत्रं शीटमध्ये घातल्यावर एकदा तिन्ही निर्देशांक १०० करून पाहा, टेम्पोची किंमतही जुनीच ठेवा. तिन्ही दुरुस्त्या शून्य आल्या नाहीत तर कुठेतरी सूत्र चुकलं आहे.

दुकान बँकेच्या कर्जावर चालत असेल तर भाववाढीचा काही भार बँकेच्या पैशावर पडतो आणि मालकाचा वाटा २,९०,००० हून थोडा जास्त निघतो. त्यासाठी चौथी दुरुस्ती आहे, पण ती या तिन्ही ठरल्यानंतरच करता येते. प्राप्तिकर मात्र जुन्या भावाच्या नफ्यावरच लागतो, या कागदावर एक रुपयाही वजावट मिळत नाही. त्यामुळे कराचा हप्ता बाजूला काढायचा तो ६,००,००० मधून व्याज गेल्यावर उरेल त्यावर, आणि घरखर्चाला किती उचलायचं ते २,९०,००० मधून व्याज आणि कर गेल्यावर उरेल त्यावर.