मोठ्या मॉडेलची उत्तरं छोट्याला शिकवण्याआधी: तयारीची यादी

काम एकच आणि ठरलेलं आहे असं धरू. ऑनलाइन दुकानाकडे ग्राहकांचे संदेश येतात. प्रत्येकाला नऊपैकी एक लेबल लावायचं (डिलिव्हरी, रिफंड, खराब वस्तू, पत्ता बदल, बिल, इतर वगैरे) आणि मजकुरात ऑर्डर क्रमांक असेल तर तो काढून द्यायचा. मोठं मॉडेल हे नीट करतं, पण दर संदेशामागे लांबलचक प्रॉम्प्टचे पैसे पडतात. म्हणून त्याच्याकडून काही हजार उत्तरं घ्यायची आणि त्यांवर छोटं मॉडेल तयार करायचं. मागच्या खेपेला यातली एक गोष्ट राहिली आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. ती गोष्ट या यादीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

ती गोष्ट म्हणजे माणसांनी लेबल लावलेला टेस्ट सेट. तोही सर्वांत आधी, मोठ्या मॉडेलला पहिला संदेश पाठवण्याच्याही आधी. खरे 500 संदेश बाजूला काढा. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता लेबलं लावायची आणि जिथे पटत नाही तिथे बसून ठरवायचं. मोठ्या मॉडेलचं उत्तर त्यांना दाखवायचं नाही, ‘फक्त तपासून बघा’ म्हणूनसुद्धा नाही. समोर तयार उत्तर असलं की माणूस होकार देत सुटतो. या दोघांचंच शंभरातल्या वीस संदेशांवर जमत नसेल, तर दोष त्यांचा नाही, लेबलांच्या व्याख्येचा आहे. ‘वस्तू आलीच नाही, पैसे परत द्या’ हे डिलिव्हरी की रिफंड? हे लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मोठं मॉडेलही इथेच गडबडणार आहे.

एवढा अट्टाहास का, ते आकड्यांत बघा. टेस्ट सेट नसला की सोपा रस्ता दिसतो: मोठ्या मॉडेलच्याच उत्तरांतला काही भाग बाजूला ठेवायचा आणि छोटं मॉडेल त्याच्याशी किती जुळतं ते मोजायचं. समजा 500 पैकी 475 ठिकाणी जुळलं, म्हणजे 95 टक्के. सगळे खूश. आता माणसांच्या लेबलांशी ताडल्यावर कळतं की मोठं मॉडेल स्वतः 460 ठिकाणी बरोबर आणि 40 ठिकाणी चूक होतं. ज्या 25 ठिकाणी छोटं मॉडेल वेगळं बोललं, ती सगळी मोठ्याच्या बरोबर उत्तरांतली असतील, तर छोटं 435 ठिकाणीच बरोबर आहे, म्हणजे 87 टक्के. ती सगळी मोठ्याच्या चुकांतली असतील आणि छोट्याने तिथे बरोबर लेबल दिलं असेल, तर 485, म्हणजे 97 टक्के. ‘95 टक्के जुळतं’ या वाक्यातून या दोन टोकांमधलं खरं काय ते कळत नाही. त्यातही मोठ्याची चूक एकाच वळणाची असेल, म्हणजे दर वेळी ‘आलीच नाही’वाला संदेश तो रिफंडमध्ये टाकत असेल, तर छोटं मॉडेल ती चूक इमानदारीने शिकतं आणि जुळण्याचा आकडा उलट वाढतो. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका हजारो उदाहरणांत बऱ्याच अंशी विरून जातात. एका वळणाची चूक विरत नाही.

500 संदेशांवर 90 टक्के आले तर त्यात अडीच-पावणेतीन टक्के इकडेतिकडे धरायचेच. त्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या फरकावर दोन मॉडेलांत निवड करू नका. एखादं लेबल शंभरात दोनदाच येत असेल तर 500 मध्ये त्याची दहाच उदाहरणं येतील. अशा लेबलांचे 40-50 संदेश वेगळे गोळा करा आणि त्यांचा आकडा वेगळाच सांगा, एकूण टक्केवारीत मिसळू नका.

टेस्ट सेट वेगळा काढताना संदेशागणिक नको, संवादागणिक काढा. एकच ग्राहक तीनदा तेच लिहितो. एक संदेश ट्रेनिंगमध्ये आणि दुसरा टेस्टमध्ये गेला की छोटं मॉडेल पाठांतरावर पास होतं. आपोआप येणारे ठरीव मजकूर तर शेकड्याने सारखे असतात. अंक आणि नावं काढून मजकूर ताडा, जवळजवळ सारखे असतील ते एकाच बाजूला ठेवा. टेस्टचे संदेश ट्रेनिंगच्या संदेशांनंतरच्या तारखांचे असले तर उत्तम, कारण मॉडेल वापरलं जाणार ते पुढच्याच संदेशांवर.

अटी वाचा. मोठ्या मॉडेलच्या उत्तरांवर दुसरं मॉडेल शिकवायला काही पुरवठादार मर्यादा घालतात. ग्राहकांची नावं, फोन, पत्ते आधीच पुसा. यावर आणखी काय लिहायचं.

आता मोठ्याकडून उत्तरं घेणं. संदेश खरेच हवेत. मोठ्या मॉडेलला ‘ग्राहकांसारखे संदेश लिही’ सांगितलं तर ते शुद्ध, पूर्ण वाक्यांचे आणि एका संदेशात एकच मुद्दा असलेले येतात. खरे तसे नसतात. रिकामे, अर्धवट, दोन तक्रारी एकत्र, दुसऱ्याच भाषेतले, नुसतं ‘हॅलो??’ असलेलेही घ्या. हे ‘इतर’मध्ये भरपूर नसतील तर छोटं मॉडेल प्रत्येक कचऱ्याला आत्मविश्वासाने काहीतरी लेबल चिकटवेल. ऑर्डर क्रमांक नसलेलीही पुष्कळ उदाहरणं हवीत. प्रत्येक उदाहरणात क्रमांक असला तर ते नसलेला क्रमांक रचून देतं.

2015 साली हिंटन, विन्याल्स आणि डीन यांनी मोठ्याकडून छोट्याला शिकवण्याची, म्हणजे डिस्टिलेशनची, पद्धत मांडली, तेव्हा छोटं मॉडेल मोठ्याने प्रत्येक पर्यायाला दिलेली संभाव्यता शिकत होतं, म्हणजे ‘रिफंड 0.6, डिलिव्हरी 0.35’ असं. आपल्या हातात बहुतेक वेळा नुसतं लेबल येतं आणि मोठं मॉडेल किती साशंक होतं ते हरवतं. थोडं परत मिळवायचं तर तोच संदेश थोडं टेंपरेचर ठेवून, म्हणजे उत्तर दर वेळी थोडं बदलू शकेल असं, 0.7 च्या आसपास, पाच वेळा विचारा. पाचपैकी चार-पाच वेळा तेच लेबल आलं तर ठेवा. तीन किंवा कमी आलं तर माणसाकडे पाठवा. फेकू मात्र नका. ते फेकले की नेमके अवघड संदेश ट्रेनिंगमधून गायब होतात. मोठ्या मॉडेलला आधी कारण आणि मग लेबल लिहायला लावा, उलट नको. ते डावीकडून उजवीकडे लिहितं, त्यामुळे नंतरचं कारण केवळ समर्थन असतं. छोट्याला मात्र कारण शिकवू नका, फक्त उत्तर शिकवा. नाहीतर वाचवलेले पैसे कारणाच्या टोकनांत जातील.

प्रत्येक ओळीबरोबर हे जपून ठेवा:

```
{"id": 4127, "thread": 903, "text": "पैसे कधी परत मिळतील?",
 "label": "refund", "order_no": null, "votes": 5,
 "teacher": "...", "prompt_ver": 3}
```

`teacher`मध्ये मॉडेलचं पूर्ण नाव आवृत्तीसकट लिहा. प्रॉम्प्ट मधेच सुधारला तर जुनी आणि नवी उत्तरं न मिसळता सगळी पुन्हा घ्या. `order_no` मूळ मजकुरात अक्षरशः सापडतो का, हे दोन ओळींच्या कोडने तपासा. सापडला नाही तर ती ओळ बाद.

आणि हो, टेस्ट सेट. प्रॉम्प्ट सुधारताना त्यावर बघून सुधारू नका, त्यासाठी आणखी 100-150 संदेशांचा वेगळा संच ठेवा. दहा वेळा टेस्ट सेटकडे बघून बदल केले की तो टेस्ट सेट राहत नाही. पण प्रॉम्प्ट पक्का झाल्यावर मोठ्या मॉडेलला त्यावर एकदा नक्की चालवा आणि आकडा लिहून ठेवा. मोठं मॉडेलच 84 टक्क्यांवर असेल तर छोटं घडवायला घेऊ नका, आधी व्याख्या आणि प्रॉम्प्ट दुरुस्त करा. हा आकडा ट्रेनिंगनंतर काढण्यात काही अर्थ नाही.

किती उदाहरणं? अंदाज करण्यापेक्षा 500, 1000, 2000, 4000 अशा पायऱ्यांनी शिकवून बघा. दुपटीने एक टक्काही वाढत नसेल तर आणखी विकत घेऊ नका, चुका वाचा. त्याच वेळी न शिकवलेलं छोटं मॉडेल नुसत्या प्रॉम्प्टवर किती करतं तेही मोजा, माणसांच्याच लेबलांशी. फक्त लेबल हवं असतं तर काही कोटी पॅरामीटरचं एन्कोडर मॉडेलही पुरलं असतं. क्रमांकही हवा आहे, म्हणून 100 ते 300 कोटी पॅरामीटरचं खुलं मॉडेल घेऊ.

ट्रेनिंगमध्ये तीनच जागी घात होतो. लॉस, म्हणजे शिकताना मॉडेल किती चुकतंय तो आकडा, फक्त उत्तराच्या टोकनांवर मोजा, संदेशाच्या नाही. नाहीतर मॉडेल ग्राहकासारखं लिहायला शिकण्यात ताकद घालवतं. शेवटचं थांबा-टोकन लॉसमध्ये आहे ना ते डोळ्यांनी बघा. बऱ्याच कोडमध्ये पॅडिंगसाठी तेच टोकन वापरतात आणि पॅडिंग झाकताना थांबा-टोकनही झाकलं जातं. मग मॉडेल उत्तर देऊन थांबत नाही, पुढे बडबडत राहतं. तिसरं म्हणजे चॅट टेम्प्लेट ट्रेनिंगला आणि प्रत्यक्ष वापराला अक्षरन् अक्षर तेच हवं. एक जादा नवी ओळसुद्धा आकडा पाडू शकते. ट्रेनिंगमधलं एक उदाहरण आणि सर्व्हरकडे जाणारी एक विनंती टोकनांत उघडून शेजारी शेजारी ठेवा. लोरा असेल, म्हणजे मूळ वजनं तशीच ठेवून थोडी जोडवजनंच शिकवणार असाल, तर रँक 16, लर्निंग रेट `2e-4`, दोन-तीन फेऱ्या, इथून सुरुवात करा.

मग टेस्ट सेट. एकदाच. माणसांच्या लेबलांशी. लेबलागणिक आकडे. मोठं किती आणि छोटं किती हे एकाच तक्त्यात.

वापरात आणताना आठवडाभर दोन्ही मॉडेलं समांतर चालवा आणि ग्राहकाला उत्तर मोठ्याचंच जाऊ द्या. लेबलची संभाव्यता कमी आली तर संदेश मोठ्याकडे वळवा. उंबरठा वेगळ्या ठेवलेल्या संचावर ठरवा, टेस्ट सेटवर नाही. वळवलेल्यांचं प्रमाण वाढत गेलं तर संदेश बदलताहेत असं समजा. दर महिन्याला नवे 100 संदेश पुन्हा माणसांकडून. वजनं, टेम्प्लेट, प्रॉम्प्टची आवृत्ती एकाच फोल्डरमध्ये. टेस्ट सेट दुसऱ्या, ट्रेनिंगच्या कोडला वाचायची परवानगीच नसलेल्या.